घर्षण, स्पर्श, प्रवर्तन आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शी : दहावीचं उत्तर नीट समजून कसं लिहायचं

प्रश्न : "सर, घर्षणाने, स्पर्शाने आणि प्रवर्तनाने प्रभारित करणं म्हणजे काय आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शीने प्रभार कसा ओळखतात, हे दहावीच्या उत्तरात कसं लिहू? प्रवर्तनात बोट कधी लावायचं आणि कधी काढायचं इथे दर वेळी गोंधळ होतो, आणि पानं मिटली तर विरुद्ध प्रभार असं लिहिलं तर मार्क कापले."

उत्तर :

तुझे मार्क कापले ते बरोबरच कापलेत, का ते पुढे येईलच, पण आधी एक गोष्ट पक्की कर कारण अर्ध्याहून जास्त चुका तिथेच होतात. या सगळ्या प्रकरणात हलतो तो फक्त इलेक्ट्रॉन. प्रोटॉन अणुकेंद्रकात बसलेला असतो, तो कापडावरून काचेवर किंवा बोटातून जमिनीत जात नाही. त्यामुळे "धन प्रभार वाहत गेला" असं वाक्य उत्तरात कुठेही येऊ देऊ नकोस. वस्तू धन झाली म्हणजे तिच्यातले काही इलेक्ट्रॉन गेले, ऋण झाली म्हणजे तिला जास्तीचे मिळाले, एवढंच.

मी शिकवताना तिन्ही पद्धती वेगवेगळ्या धड्यासारख्या न घेता विद्युतदर्शी टेबलावर ठेवून त्याच्यावरच दाखवतो, कारण तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. तूही उत्तर तसंच मनात बांध. म्हणून आधी उपकरण.

काचेची बरणी किंवा खिडकी असलेला धातूचा डबा, त्याच्या तोंडाला विद्युतरोधक बूच, बुचातून खाली गेलेली पितळेची दांडी, दांडीच्या वरच्या टोकाला धातूची चकती आणि खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पातळ पानं शेजारी शेजारी लोंबकळत. हे उपकरण इंग्लंडमधल्या अब्राहम बेनेट नावाच्या धर्मगुरूने बनवलं, त्याचं वर्णन 1787 मध्ये छापून आलं. चकती, दांडी आणि पानं हा सगळा मिळून एकच वाहक आहे आणि तो बुचामुळे बाकी सगळ्यापासून तोडलेला आहे, हे लक्षात असलं की पुढचं सगळं त्यातून निघतं. सोनंच का, तर सोनं ठोकून ठोकून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकं पातळ करता येतं आणि ते गंजत नाही. एवढ्या जाडीचं 1 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर लांब पान घेतलं तर त्याचं वजन एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, म्हणून अगदी किंचित प्रतिकर्षणानेही ते बाजूला सरकतं. बरणी कशाला लागते तर वाऱ्यासाठी, पंखा चालू असला तर उघडं पान नुसतंच फडफडत राहील आणि तुला वाटेल प्रभार आला.

पानं का फाकतात? दोन्ही पानं एकाच दांडीला आहेत म्हणून दोघांवर नेहमी एकाच प्रकारचा प्रभार येतो आणि सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात. दोन्ही धन असली तरी फाकतात, दोन्ही ऋण असली तरी फाकतात. म्हणजे नुसती पानं फाकलेली बघून चिन्ह सांगता येत नाही, हे इथेच लिहून टाक.

आता घर्षण. एबोनाइटची कोरडी कांडी लोकरीवर घास, लोकरीचे काही इलेक्ट्रॉन एबोनाइटवर येतात, कांडी ऋण होते आणि लोकर तेवढीच धन होते. काच रेशमावर घासली तर उलट, इलेक्ट्रॉन काचेकडून रेशमाकडे जातात आणि काच धन. प्रभार नवा तयार होत नाही, फक्त वाटणी बदलते, आणि हे दाखवायचा एक फार सुंदर प्रयोग आहे. एबोनाइटच्या कांडीच्या टोकावर बसेल अशी लोकरीची छोटी टोपी शिवायची, तिला रेशमाचा दोरा बांधायचा, टोपी कांडीवर गोल गोल फिरवायची आणि टोपीसकट कांडी चकतीजवळ न्यायची. पानं हलत नाहीत. मग दोऱ्याने टोपी ओढून काढायची आणि नुसती कांडी चकतीजवळ न्यायची, पानं फाकतात. कांडी बाजूला करून नुसती टोपी दोऱ्याला धरून जवळ न्यायची, परत फाकतात. दोघांवर प्रभार आहे पण एकत्र असताना बेरीज शून्य. दोरा अशासाठी की टोपी हातात धरली तर तिच्यावरचा प्रभार हातातून निघून जातो.

आकडा विचारला तर असा करायचा. समजा घासल्यावर कांडीवर 3.2 × 10⁻⁹ कूलोम ऋण प्रभार आला. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार 1.6 × 10⁻¹⁹ कूलोम, म्हणून q = ne वरून n = 3.2 × 10⁻⁹ ÷ 1.6 × 10⁻¹⁹ = 2 × 10¹⁰, म्हणजे दोन हजार कोटी इलेक्ट्रॉन लोकरीवरून कांडीवर आले. ऐकायला प्रचंड वाटतं पण या सगळ्यांचं वस्तुमान मिळून साधारण 1.8 × 10⁻²⁰ किलोग्रॅम होतं, कुठल्याही तराजूला कळणार नाही एवढं. वस्तुमान वाढतं का असं विचारलं तर वाढतं असंच लिहायचं, फक्त अतिशय कमी.

एक इशारा देतो कारण प्रॅक्टिकलला पोरं यात हमखास फसतात. "प्लास्टिक म्हणजे ऋण" असं पाठ करू नकोस. पॉलिथिनची पट्टी लोकरीवर घासली की ऋण होते पण अ‍ॅक्रिलिकची पट्टी त्याच लोकरीवर घासली की बहुतेक वेळा धन होते. चिन्ह कोण कोणावर घासलं जातंय त्या जोडीवर ठरतं, एकट्या वस्तूवर नाही. आणि धातूची सळई हातात धरून कितीही घासलीस तरी काही दिसणार नाही, कारण प्रभार येतो आणि तुझ्या अंगातून लगेच जमिनीत जातो, तिला प्लास्टिकची मूठ लागते.

स्पर्श ही तिघांतली सगळ्यात सोपी पद्धत. ऋण एबोनाइट चकतीला टेकवली की तिच्यावरचे जास्तीचे काही इलेक्ट्रॉन चकतीवर उतरतात, तिथून दांडी आणि पानांवर पसरतात, पानं फाकतात, आणि कांडी लांब नेली तरी फाकलेलीच राहतात. विद्युतदर्शीला मिळालेला प्रभार कांडीच्याच जातीचा असतो आणि कांडीचा तेवढा कमी होतो. इथे खाचखळगा असा की एबोनाइट स्वतः विद्युतरोधक आहे, त्याच्यावरचा प्रभार जिथे घासला तिथेच बसून असतो, एका बिंदूला टेकवलं तर फक्त त्या बिंदूपुरतेच इलेक्ट्रॉन उतरतात. म्हणून कांडी चकतीच्या कडेवरून जराशी फिरवत ओढायची. कांडी तिथे असताना पानं खूप फाकलेली दिसतात, ती बघून खूश व्हायचं नाही, कांडी दूर नेल्यावर जेवढी उरतात तेवढाच खरा दिलेला प्रभार. वाहकांची गोष्ट वेगळी, सारख्या आकाराचे दोन धातूचे गोल असले आणि एकावर 6 × 10⁻⁹ कूलोम असेल, दुसरा उदासीन असेल, तर टेकवल्यावर दोघांवर 3 × 10⁻⁹ होतात. पण हे अर्धं अर्धं फक्त सारख्या गोलांसाठी, कांडी आणि विद्युतदर्शीसाठी असं लिहू नकोस.

आता प्रवर्तन, तुझा गोंधळ इथेच आहे म्हणून सावकाश घेऊ. आपल्याला विद्युतदर्शी धन करायचाय, हातात ऋण एबोनाइट आहे.

कांडी चकतीजवळ आण, टेकवू नको, दोन तीन सेंटिमीटरवर धर. चकतीतले मोकळे इलेक्ट्रॉन ऋण कांडीपासून लांब पळतात आणि दांडीतून पानांत जातात. चकती धन, पानं ऋण, पानं फाकली. लक्ष दे, या क्षणी विद्युतदर्शीवर एकूण प्रभार शून्यच आहे, फक्त आतल्या आत सरकलाय. आत्ता कांडी बाजूला केली तर इलेक्ट्रॉन परत येतील आणि पानं मिटतील. म्हणजे पानं फाकलीत याचा अर्थ विद्युतदर्शी प्रभारित झालाच असा होत नाही, जवळ प्रभारित वस्तू असली तरी फाकतात.

कांडी तिथेच स्थिर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने चकतीला हात लाव. आता चकती, दांडी, पानं, तुझं शरीर आणि पृथ्वी सगळं मिळून एक वाहक झाला. कांडीपासून पळणाऱ्या इलेक्ट्रॉनना पानांपेक्षा कितीतरी लांब जायला रस्ता मिळाला, ते बोटातून जमिनीत जातात आणि पानं मिटतात. इथे पोरं हटकून विचारतात, "सर, बोट तर चकतीला लावलं, चकती धन आहे, मग जमिनीतून इलेक्ट्रॉन वर येऊन ती उदासीन नाही का होणार?" नाही होणार. ऋण कांडी अजून तिथेच आहे, ती इलेक्ट्रॉनना चकतीकडे येऊच देत नाही, उलट ढकलतेय. बोट चकतीला लाव की दांडीला, उपकरण एकच वाहक असल्याने निकाल एकच येतो. चकतीवरचा धन प्रभार मात्र कांडीच्या आकर्षणाने जागच्या जागी अडकून राहतो.

आता आधी बोट काढ. कांडी हलवू नको. पानं मिटलेलीच राहतील, काहीच झालं नाही असं वाटेल, पण गेलेल्या इलेक्ट्रॉनांचा परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

मग कांडी लांब ने. चकतीवर अडकलेला धन प्रभार मोकळा झाला, पानांतले काही इलेक्ट्रॉन वर चकतीकडे ओढले गेले, त्यामुळे पानंही धन झाली आणि परत फाकली. विद्युतदर्शी धन प्रभारित झाला, कांडीच्या विरुद्ध, आणि कांडीवरचा एकही इलेक्ट्रॉन खर्च झाला नाही.

क्रम उलटा केलास, म्हणजे कांडी आधी काढली आणि बोट नंतर, तर जमिनीत गेलेले इलेक्ट्रॉन बोटातूनच परत येतात आणि हातात शून्य. पाठ करायची गरजच नाही, "रस्ता बंद करायच्या आधी कांडी गेली तर काय होईल" एवढा विचार केलास की क्रम आपोआप आठवतो.

कांडीचा प्रभार कमी होत नाही तर मग पानं उचलायला ऊर्जा कुठून आली, हा प्रश्न फार थोडी मुलं विचारतात पण विचारण्यासारखा आहे. कांडी लांब नेताना ऋण कांडी आणि धन चकती एकमेकांना ओढत असतात, त्या ओढीविरुद्ध तुझा हात काम करतो, ऊर्जा तिथून येते. याच तत्त्वावर एकदा घासलेल्या वस्तूवरून पुन्हा पुन्हा प्रभार घेता येतो, व्होल्टाने 1775 मध्ये असं उपकरण लोकांसमोर आणलं होतं.

प्रयोग बरोबर झाला की नाही हे कसं कळणार? तीच कांडी परत चकतीजवळ ने, सावकाश. पानं मिटायला लागली तर विद्युतदर्शी धन आहे, प्रवर्तन जमलं. अजून फाकली तर तो ऋण आहे, म्हणजे मधे कुठेतरी कांडी चकतीला टेकली आणि स्पर्शाने प्रभार गेला. वर्गात प्रयोग फसतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, हात जरा हलतो आणि कांडी टेकते.

आता ओळखण्याचा भाग, जिथे तुझे मार्क गेले. प्रभार आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर उदासीन विद्युतदर्शी पुरतो, वस्तू जवळ नेली आणि पानं फाकली तर प्रभार आहे, नाही हलली तर नाही, निदान या उपकरणाला कळेल एवढा नाही. चिन्ह ओळखायला मात्र आधीच माहीत असलेल्या चिन्हाचा प्रभार दिलेला विद्युतदर्शी लागतो. आपला धन आहे, तोच घेऊ. काचेची रेशमावर घासलेली कांडी जवळ नेली. धन कांडी इलेक्ट्रॉनना वर चकतीकडे ओढते, पानांत इलेक्ट्रॉनांची तूट वाढते, पानं आणखी धन होतात आणि आणखी फाकतात. पानं जास्त फाकली म्हणजे वस्तूवर विद्युतदर्शीसारखाच प्रभार आहे, हा निष्कर्ष पक्का, दुसरी कुठलीही शक्यता नाही.

पानं मिटायला लागली तर? ऋण वस्तू जवळ आली की इलेक्ट्रॉन चकतीतून खाली ढकलले जातात, पानांचा धन प्रभार कमी होतो, पानं मिटतात, हे खरंच आहे. पण नुसता तुझा रिकामा हात चकतीजवळ नेऊन बघ, पानं तेव्हाही थोडी मिटतात! हातावर कसलाही प्रभार नसतो, पण चकतीच्या धन प्रभारामुळे हाताच्या जवळच्या बाजूला इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि ते चकतीवर तसाच परिणाम करतात. म्हणून पानं मिटली तर दोन शक्यता राहतात, वस्तू विरुद्ध प्रभाराची असेल किंवा उदासीन असेल. नक्की करायचं तर विद्युतदर्शीला आता ऋण प्रभार द्यायचा आणि तीच वस्तू परत न्यायची, या वेळी पानं जास्त फाकली तर वस्तू ऋण, पुन्हा मिटली तर उदासीन. "पानं मिटली म्हणून विरुद्ध प्रभार" हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. खात्रीची चाचणी पानं जास्त फाकण्याची, हे वाक्य उत्तरात असलंच पाहिजे.

अजून एक बारीक गोष्ट, वस्तू लांबून हळूहळू आण आणि पानांची पहिली हालचाल बघ. कांडीवर विरुद्ध प्रभार खूप जास्त असला आणि तू ती झपकन चकतीपाशी नेलीस तर पानं आधी पूर्ण मिटतात आणि मग परत फाकतात, कारण इतके इलेक्ट्रॉन खाली ढकलले गेले की धन पानं शून्यावरून जाऊन ऋण झाली. मधलं मिटणं तुला दिसलंच नाही तर तू सजातीय लिहून मोकळा होशील.

घरी किंवा शाळेत करून बघणार असशील तर दिवस कोरडा निवड. मुंबई रत्नागिरीकडे जुलैत हा प्रयोग रडवतो, नागपूरला जानेवारीत पहिल्या झटक्यात होतो. दोष दमट हवेपेक्षा जास्त पृष्ठभागाचा असतो, काचेवर आणि बुचावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार वाहून जातो. कांडी, कापड आणि बूच हेअर ड्रायरने किंवा उन्हात गरम करून घे, बुचाऐवजी दांडीभोवती मेणबत्तीचं मेण ओतलं तर आणखी चांगलं. पानांना सोन्याऐवजी मिठाईवरचा चांदीचा वर्ख चालतो, पण तो हात लावताच फाटतो, कागदाने उचल. किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल जड असते, अरुंद पट्ट्या कापल्या तरच जराशा हलतात. उपकरण ठीक आहे का ते आधी असं तपास : प्रभार देऊन पानं फाकव आणि काहीही न करता बघत राहा. मिनिटभरात मिटत असतील तर बूच गळतंय, त्यावर चिन्ह ओळखायच्या भानगडीत पडू नकोस कारण पानं वस्तूमुळे मिटली की गळतीमुळे हे कळणारच नाही.

लिहिताना घर्षण आणि स्पर्श चार चार ओळींत संपव, जागा प्रवर्तनाला आणि चिन्ह ओळखण्याला ठेव. प्रवर्तनासाठी चार छोट्या आकृत्या काढ आणि प्रत्येकीत अधिक उणे चिन्हं मोजून टाक. पहिल्या आकृतीत चकतीवर चार अधिक असतील तर पानांवर चारच उणे पाहिजेत. दुसरीत बोट लागलेलं, चकतीवर चार अधिक, पानं रिकामी आणि इलेक्ट्रॉनचा बाण बोटाकडून जमिनीकडे. तिसरीत बोट नाही, कांडी आहे, चार अधिक अजून चकतीवरच. चौथीत कांडी नाही आणि तेच चार अधिक वर खाली वाटले गेलेले, दोन चकतीवर आणि एक एक दोन्ही पानांवर. पेपर तपासताना आमची नजर आधी या मोजणीवर आणि त्या बाणाच्या दिशेवर जाते.